मागच्या रांगेवर मात: या चुका टाळा

बारा वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतोय. दर स्पर्धेत जिंकत आलेला एक तरी डाव असाच जाताना बघतो. कॅसलिंग केलेला राजा g1 वर, पुढे f2, g2, h2 वर आपलीच तीन प्यादी, आणि समोरच्याचा हत्ती पहिल्या रांगेवर उतरून शह देतो. राजाला जायला एकही घर नाही.

सगळ्यांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे "तिथे माझा हत्ती आहे ना" म्हणत निर्धास्त राहणं. हत्ती असतो, पण तो एकटा पुरतो का, हे कोणी मोजत नाही.

गेल्या वर्षी तालुक्याच्या एका रॅपिड स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याचा डाव मी बाजूला उभा राहून बघत होतो. तो पांढऱ्याकडून खेळत होता आणि एका प्याद्याने पुढे होता. त्याचा राजा g1 वर, हत्ती d1 वर, वजीर c3 वर, प्यादी a2, b2, f2, g2, h2. काळ्याचा राजा g8 वर, वजीर e7 वर, त्याच्या मागे e8 वर हत्ती, प्यादी c6, f7, g7, h6. e ची उभी पट्टी पूर्ण मोकळी. म्हणजे e1 या घरावर काळ्याचे दोन मोहरे रोखलेले होते, वजीर आणि त्यामागून हत्ती. पांढऱ्याकडूनही राखण दोघांचीच होती: d1 चा हत्ती, आणि c3 वरून तिरका बघणारा वजीर. दोनास दोन, म्हणून डाव उभा होता.

पोराला c6 वरचं प्यादं दिसलं. बिनजोर, फुकटचं. वजीर उचलला आणि मारलं. समोरच्या मुलीने पाच सेकंदांत वजीर e1 वर ठेवला. शह. हत्तीने वजीर मारण्यावाचून चाल नव्हती, आणि मारल्याबरोबर e8 चा हत्ती e1 वर आला. मात.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, पण माझा वजीर तिच्या हत्तीवरही येत होता." येत होता, बरोबर आहे. c6 वरून e8 दिसतं. पण स्वतःच्या राजाला शह असताना तो मारा कामाचा नाही, आणि e1 राखणाऱ्या दोघांपैकी एक त्याने स्वतःच्या हाताने उठवला होता. त्याआधीच्या तीन चालींत त्याला कसलीही घाई नव्हती. त्यांतली एक चाल h3 खेळला असता, तर e1 वरच्या मारामारीनंतर राजा शांतपणे h2 वर गेला असता आणि पटावर हत्तीसमोर त्याचा वजीर उरला असता. मुलीचं h प्यादं h6 वर होतं, हे मी त्याला मुद्दाम दाखवलं. तिच्या राजाची खिडकी आधीच उघडी होती.

हे फक्त मुलांचंच होतं असं नाही. 1914 साली मॉस्कोत ऑसिप बर्नस्टाइन आणि होझे राउल कॅपाब्लांका यांचा डाव झाला. काळ्याचं c3 वरचं पुढे घुसलेलं प्यादं बर्नस्टाइनने सत्ताविसाव्या चालीत घोड्याने मारलं. त्याची मोजणी बरोबर होती: c3 वर त्याचे तीन मोहरे, एक घोडा आणि दोन हत्ती, राखायला काळ्याचे दोनच. मारामारी संपली तेव्हा पांढऱ्याचा हत्ती c3 वर, वजीर e2 वर, राजा g1 वर, आणि f2, g2, h2 ची प्यादी जागची हललेलीही नव्हती. काळ्याचा हत्ती d8 वर, वजीर b6 वर. कॅपाब्लांकाने वजीर b2 वर ठेवला, थेट पांढऱ्या वजिराच्या तोंडात.

तो मारावा तर d8 चा हत्ती d1 वर येऊन मात. पांढऱ्याचा हत्ती c2 वर घेतला तर काळा वजीर b1 वर शह देतो, पांढरा वजीर f1 वर आडवा येतो आणि c2 चा हत्ती जातो. वजीर e1 वर नेला तर काळा वजीर c3 चा हत्ती मारतो, आणि त्यालाही मारता येत नाही, कारण पुन्हा d1 वर हत्ती. बर्नस्टाइनने तिथेच डाव सोडला. c3 पुरता हिशेब बरोबर, पण त्या हिशेबात पहिली रांग धरलेलीच नव्हती. गंमत म्हणजे कॅपाब्लांकाच्या राजालाही खिडकी नव्हती. f7, g7, h7 तशीच होती. पण चाल त्याची होती, आणि त्याचा हत्ती आठव्या रांगेवरच होता.

म्हणून माझी सवय सांगतो. पहिली उभी पट्टी मोकळी झाली की मी थांबतो आणि मागच्या रांगेवर कोण कोण उरलंय ते बघतो. वजीर किंवा हत्ती तिथली राखण सोडून प्यादं खायला निघाला, की पुन्हा बघतो. पट्टी मोकळी आहे, राखण एकाच मोहऱ्यावर आली आहे आणि हातात निकडीची चाल नाही, असं असेल तर खिडकी त्याच चालीत. प्यादं नंतर.

खिडकी कुठली, हेही बघावं लागतं. h3 खेळल्यावर राजाला मिळतं ते h2, आणि ते काळं घर आहे. समोरच्याकडे काळ्या घरांचा उंट असेल, समजा d6 वर, तर h2 त्याच्या माऱ्यात असतं आणि खिडकी नुसती दिसायला. अशा वेळी g3 खेळून g2 मोकळं करायचं, ते पांढरं घर आहे. उलट पांढऱ्या घरांचा उंट उरला असेल तर h3 च बरं, कारण g3 ने f3 आणि h3 ही पांढरी घरं उघडी पडतात. काळ्याकडून खेळताना रंग उलटे होतात: h6 ने मिळणारं h7 पांढरं, g6 ने मिळणारं g7 काळं.

f प्यादं सरकवून खिडकी करू नका. राजाच्या g1 वर येणारी तिरकी रेघ त्याने उघडी पडते.

शहाच्या वाटेत मोहरा आडवा घालता येईल, या भरवशावर राहणारेही खूप. त्या मोहऱ्याला जोर नसेल तर समोरचा तो मारत मारत राजापर्यंत येतो.

आता दुसऱ्या टोकाची चूक. मोबाईलवर एक-एक मिनिटाचे डाव खेळणारी मुलं हल्ली आठव्या चालीलाच h3 खेळतात, विचारलं तर म्हणतात, "सर, तुम्हीच सांगितलंत." मी असं सांगितलेलं नाही. मोहरे बाहेर यायचे असताना ती चाल वाया जाते. समोरच्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं असेल तर जास्तच महागात पडते, कारण तो g प्यादं g4 पर्यंत पळवतो आणि तुमचं h3 त्याला आयतं सापडतं. तिथे h ची पट्टी उघडली की राजा खिडकीतूनच मारला जातो. यावर झटपट नियम मागणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पट बघावा लागतो.

वजीर पटावरून गेले आणि हत्ती, प्यादी एवढंच उरलं, तर मी बहुतेक वेळा खिडकीच्या भानगडीत पडत नाही. राजा f1 वर, तिथून e2 वर. मागच्या रांगेची भीतीही जाते आणि शेवटच्या टप्प्यात राजा मधोमध लागतोच.