भाड्याच्या गोडाऊनवरचा आरसीएम: नागपुरातल्या नव्या अकाउंटंटसाठी

करसल्लागाराच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतं, "जीएसटी नंबर नसलेल्याकडून काहीही घेतलं की आरसीएम लागतो." आरसीएम म्हणजे रिव्हर्स चार्ज, विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने जीएसटी भरणं. पण ते वाक्य २०१७ च्या जुलैतलं आहे. तेव्हा जवळपास सगळ्याच खरेदीवर तसा नियम होता, दिवसाला ५,००० रुपयांची सूट होती, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो स्थगितही झाला. हा नियम ज्यातून आला ते जीएसटी कायद्याचं कलम ९(४) आज बिल्डर-प्रमोटरांपुरतं उरलं आहे. इतवारीतल्या दुकानदाराने नंबर नसलेल्या सुताराकडून रॅक दुरुस्त करून घेतले किंवा पेंटरकडून शटर रंगवून घेतलं, तर आरसीएम येत नाही.

मग येतो कुठे? कलम ९(३) खाली ज्या सेवा नावानिशी जाहीर झाल्या आहेत तिथे. त्यातली बहुतेक फाइलींत सापडणारी आणि तितकीच सुटून जाणारी सेवा म्हणजे भाडं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत व्यावसायिकाला दुकान, गोडाऊन किंवा ऑफिस भाड्याने दिलं, तर त्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा. भाडेकरू कंपोझिशन योजनेत असेल तर १६ जानेवारी २०२५ पासून तो यातून वगळला आहे. भाडेकरूची स्वतःचीच नोंदणी नसेल, तर ही नोंद त्याला लागूच होत नाही. म्हणून भाडेकराराची प्रत हातात आली की आधी दोन्ही बाजूंचे जीएसटी नंबर पाहा, भाड्याचा आकडा नंतर.

एक उदाहरण घेऊ. गांधीबागेतला कापडाचा व्यापारी, नियमित नोंदणी, दरमहा रिटर्न. वाडीला त्याचं गोडाऊन आहे, भाडं महिना ४०,००० रुपये. मालक निवृत्त गृहस्थ, दुसरं उत्पन्न पेन्शनचं. वर्षाचं भाडं ४,८०,००० म्हणजे २० लाखांच्या खूप खाली, त्यामुळे त्यांनी नंबर घेतलेला नाही आणि घ्यायची गरजही नाही. कर झाला ७,२००: सीजीएसटी ३,६०० आणि एसजीएसटी ३,६००. मालकाला मिळतात ४०,०००च. काही मालक ऐकीव माहितीवर पावतीत "अधिक जीएसटी" लिहून ४७,२०० मागतात. नंबर नसताना त्यांना कर गोळा करता येत नाही. व्यापाऱ्याने ते दिले तर सरकारचे ७,२०० तरीही त्याच्याच डोक्यावर राहतात. काही वेळा उलटही ऐकू येतं: "भाऊ, तुमचा कर माझ्या भाड्यातून कापू नका." मालकाचं बरोबर आहे, कापायचा नसतोच.

कर मोजायचा तो पूर्ण भाड्यावर. समजा दुसऱ्या एका गोडाऊनचं भाडं महिना ६०,००० आहे, व्यापारी टीडीएस कापून ५४,००० पाठवतो आणि अकाउंटंट बँक स्टेटमेंटवरून नोंदी करतो, तर कर १०,८०० ऐवजी ९,७२० निघतो आणि दर महिन्याला १,०८० रुपये कमी भरले जातात. ही चूक वर्षभर दिसत नाही, कारण दर महिन्याचा आकडा सारखाच येतो आणि डोळा सरावतो.

कागद दोन. मालक टॅक्स इन्व्हॉइस देऊ शकत नाही, म्हणून व्यापाऱ्याने स्वतःच्या नावाने सेल्फ इन्व्हॉइस बनवायचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून तो सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत बनवणं बंधनकारक आहे. सोपी सवय म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तारखेला बनवून टाकणं. त्यावर मालकाचं नाव-पत्ता, जागेचं वर्णन, सेवेचा कोड म्हणजे एसएसी ९९७२१२, भाडं, कराचे दोन भाग आणि कर रिव्हर्स चार्जखाली देय असल्याचा उल्लेख असावा. क्रमांकाची मालिका विक्रीच्या बिलांपासून वेगळी ठेवा, `RCM/25-26/001` अशी. दुसरा कागद पेमेंट व्हाउचर, मालकाला पैसे देताना बनवायचा. `GSTR-1` मध्ये सेल्फ इन्व्हॉइसचे पहिले-शेवटचे क्रमांक फक्त कागदपत्रांच्या तक्त्यात, म्हणजे टेबल १३ मध्ये जातात. तिथलंच `4B` टेबल पाहून ते आपलंच आहे असं वाटतं. पण ते पुरवठादाराचं आहे, त्याला हात लावू नका.

कर कोणत्या महिन्यात भरायचा हे पैसे दिल्याची तारीख आणि सेल्फ इन्व्हॉइसची तारीख यातली आधीची कोणती, यावर ठरतं. व्यापाऱ्याने एप्रिलच्या ५ तारखेला तीन महिन्यांचं आगाऊ भाडं, १,२०,००० रुपये दिले, तर २१,६०० रुपये कर एप्रिलच्याच रिटर्नमध्ये द्यायचा. मे-जूनचं भाडं अजून देय झालेलं नाही, हा युक्तिवाद चालत नाही.

आता रिटर्न. `GSTR-3B` मध्ये `3.1(d)` ला ४०,००० आणि ३,६००-३,६०० भरा. हा कर फक्त कॅश लेजरमधून, म्हणजे चलनाने भरलेल्या पैशातून जातो. व्यापाऱ्याच्या क्रेडिट लेजरमध्ये दोन लाख पडून असले तरी त्यातून एक रुपया इथे वळत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत रिव्हर्स चार्जचा कर आउटपुट टॅक्समध्ये मोडत नाही. तेव्हा आधी चलन. १९ तारखेच्या रात्री हे लक्षात आलं की धावपळ ठरलेली.

भरलेल्या कराचं क्रेडिट त्याच रिटर्नमध्ये `4(A)(3)` ला घेता येतं. कापड करपात्र आहे, म्हणून या व्यापाऱ्याला शेवटी भुर्दंड काही नाही, पैसा फक्त फिरून येतो. पण तोच व्यापारी सोबत करमुक्त माल विकत असेल, तर त्या प्रमाणात क्रेडिट सोडावं लागतं आणि तेवढा कर खर्चात जातो.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: हे भाडं `GSTR-2B` मध्ये कधीच दिसत नाही. मालक रिटर्नच भरत नाही, तर दिसणार कुठून? जो अकाउंटंट फक्त 2B शी ताळा घालतो, त्याच्यासाठी हा व्यवहार अस्तित्वातच नसतो. ताळा घालायचा तो खातेवहीतल्या भाडे खात्याशी: बारा महिन्यांच्या नावे रकमा एकीकडे, `3.1(d)` दुसरीकडे. पोर्टलवर `RCM Liability/ITC Statement` आहे, पण ते भरलेला कर आणि घेतलेलं क्रेडिट यांचीच तुलना करतं. दोन्ही शून्य असतील तर ते गप्प बसतं.

समजा एप्रिलचे ७,२०० राहून गेले आणि २० ऑक्टोबरला भरले. मुदत २० मे होती, उशीर १५३ दिवस, व्याज वर्षाला १८ टक्क्यांनी सुमारे ५४३ रुपये. हे व्याज परत मिळत नाही. क्रेडिट मात्र बुडत नाही: उशिरा बनवलेला सेल्फ इन्व्हॉइस ज्या आर्थिक वर्षातला, त्या वर्षावरून क्रेडिटची मुदत मोजली जाते. मात्र उशिराबद्दल दंडाची शक्यता उरते. मागची तारीख टाकून कागद तयार करण्याचा मोह इथेच होतो. तो टाळा, कारण क्रमांकांची मालिका आणि टेबल १३ जुळत नाहीत.

मालकाने मधेच नंबर घेतला, तर त्या तारखेपासून तोच बिल करील आणि तुमचा आरसीएम थांबेल. नंबर रद्द झाला तर उलट, आणि हे मालक आपणहून कळवत नाहीत. दर तिमाहीला पोर्टलवर त्याचा नंबर तपासा. जागा दोघा भावांच्या नावावर असेल आणि एकाचाच नंबर असेल, तर आरसीएम फक्त दुसऱ्याच्या हिश्श्यावर.

डिपॉझिट परत मिळणारं असेल तोवर त्यावर कर नाही. पण जागा सोडताना व्यापारी म्हणतो, "शेवटचे तीन महिने डिपॉझिटमधून वळते करा." बँकेतून काही जात नाही, म्हणून नोंदही होत नाही. खरं तर वळतं करण्याच्या प्रत्येक नोंदीला ७,२०० रुपये कर आणि सेल्फ इन्व्हॉइस दोन्ही लागतात, आणि डिपॉझिटमधून सरकारचा हिस्सा वळता होत नाही, तो कॅश लेजरमध्येच टाकावा लागतो.