पंख वर उचललेले असूनही विमान एका अंगावर का जातं? डायहेड्रलच्या या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा रत्नागिरीला आला तो थर्माकोलचं ग्लायडर घेऊनच. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मीटर, मोटर नाही, रिमोट नाही, हातानं फेकायचं. भाट्याच्या किनाऱ्यावर पहिल्या दोन-तीन फेकी छान गेल्या. मग एक झोत आला आणि डावा पंख उचलला गेला. विमान उजवीकडे कललं, उजवीकडेच वळायला लागलं, घेर लहान लहान होत गेला आणि नाक ओल्या वाळूत रुतलं. पुढच्या फेकीलाही तेच झालं. "मामा, पंख वर उचललेत ना? मग ते आपोआप सरळ का नाही झालं?"

पंखांची टोकं मुळापेक्षा वर ठेवून जो उथळ 'व्ही' तयार होतो, त्याला डायहेड्रल म्हणतात. कललेलं विमान त्यामुळे पुन्हा समतोल होतं, हे खरं आहे. पण ते कसं होतं याबद्दल एक चुकीची समजूत घट्ट बसलेली आहे, आणि पुढच्या चुका तिच्यातूनच निघतात.

चूक पहिली : खालचा पंख 'आडवा' होतो म्हणून जास्त उचलतो, असं मानणं

विमान उजवीकडे कललं की उजवा पंख जमिनीला समांतर होतो, डावा तिरका होतो, म्हणून उजव्याची उचल जास्त, असं चित्र अनेकदा काढून दाखवतात. दिसायला पटतं, पण पंखाला जमीन कुठे आहे हे कळत नाही. त्याला कळते फक्त समोरून येणारी हवा. ती दोन्ही पंखांवर सारख्याच कोनात येत असेल, तर दोघांची उचल सारखीच राहते. विमान कितीही कललेलं असो, त्याला सरळ करणारं काही नसतं.

खरं काम घसरण्यामुळे होतं. विमान उजवीकडे कललं की उचलही उजवीकडे झुकते आणि विमान पुढे जाता जाता उजव्या अंगानं घसरायला लागतं. आता हवा थोडी उजव्या बाजूनं येते. उजवा पंख वर उचललेला असल्यामुळे ही बाजूची हवा त्याच्या पोटावर जाते, डाव्याच्या पाठीवर. उजव्याचा हवेशी कोन वाढतो, डाव्याचा घटतो, आणि उजवा पंख वर येतो.

आमच्या ग्लायडरचं गणित मांडून बघा. वेग सेकंदाला सुमारे 6 मीटर, घसरण सेकंदाला 1 मीटर आणि प्रत्येक पंख 6 अंश वर उचललेला. बाजूच्या हवेचा जो भाग पंखावर खालून येतो, तो 1 × sin 6° म्हणजे सेकंदाला 0.1 मीटरच्या जरा वर. पुढच्या 6 मीटरच्या वेगाशी तुलना केली तर कोनात एक अंशाचा फरक पडतो. पंखांचा हवेशी कोन आधी 5 अंश असेल, तर उजव्याचा 6 होतो, डाव्याचा 4. एवढ्याशा फरकावर विमान सरळ होतं. म्हणून डायहेड्रलच्या कोनात चूक परवडत नाही.

चूक दुसरी : पंख जोडताना चुकीचं मोजणं

भाच्याच्या विमानात घोळ इथेच होता. आराखड्यात लिहिलं होतं, टोकं 5 सेंटीमीटर वर. प्रत्येक पंख 50 सेंटीमीटर लांब, त्यामुळे 6 अंशांना टोक 5.2 सेंटीमीटर वर येतं. आकडा बरोबरच होता. पण जोडताना भाच्यानं एक पंख टेबलावर सपाट दाबून ठेवला आणि दुसऱ्याच्या टोकाखाली 5 सेंटीमीटरची पुस्तकं लावली. ग्लू सुकला, विमान हातात धरलं, तर तेच 6 अंश दोन्ही पंखांत वाटले गेले होते. प्रत्येकी 3 अंश, म्हणजे सरळ करणारी ताकद निम्मी.

एक पंख सपाट ठेवून जोडायचा असेल तर दुसरं टोक दुप्पट, म्हणजे साडेदहा सेंटीमीटरच्या आसपास उचलावं लागतं. हे टाळायला सोपी तपासणी आहे. विमानाचं अंग मधोमध टेकवून सरळ धरा आणि दोन्ही टोकं टेबलापासून पट्टीनं मोजा. त्यातून पंखाच्या मुळाची उंची वजा करा. दोन्हीकडे आराखड्यातलाच आकडा आला पाहिजे.

चूक तिसरी : भरकटतंय म्हणून उभी शेपटी मोठी करणं

पहिल्या आपटीनंतर भाच्यानं उभ्या शेपटीला, म्हणजे फिनला, मागून आणखी एक थर्माकोलचा तुकडा चिकटवला होता. "सरळ जावं म्हणून." हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. बाजूची हवा मोठ्या फिनवर आपटली की शेपूट लगेच बाजूला जाते आणि नाक घसरण्याच्या दिशेनं वळतं. हवा पुन्हा समोरून यायला लागते. डायहेड्रलला काम करायला जी घसरण हवी होती, तीच संपते. वर, वळणाच्या बाहेरचा पंख जास्त वेगानं फिरतो, जास्त उचलतो, आणि कल आणखी वाढतो. आवळत जाणाऱ्या त्या घिरट्यांचं कारण हेच. विमानाच्या भाषेत याला स्पायरल म्हणतात.

आम्ही तो तुकडा कापून टाकला, पंखांचा सांधा उघडून 6 अंशांवर पुन्हा जोडला. मग ग्लायडर मुद्दाम थोडं उजवीकडे कलवून फेकलं. ते जरा उजवीकडे घसरलं आणि हळूहळू सरळ झालं. त्यासाठी काही मीटर वाट आणि थोडी उंची लागली. ती लागणारच, कारण घसरल्याशिवाय दुरुस्ती सुरूच होत नाही. डोक्याच्या उंचीवरून फेकलेल्या विमानाला ती संधी कमीच मिळते.

उलटंही होतं. डायहेड्रल फार आणि फिन लहान असेल, तर विमान या पंखावरून त्या पंखावर डोलत, शेपूट हलवत जातं. याला डच रोल म्हणतात. तेव्हा मात्र फिन वाढवावी किंवा पंख थोडे खाली घ्यावेत. म्हणजे आधी लक्षण बघायचं. घिरट्या आवळत असतील तर एक उपाय, डोलत असेल तर नेमका उलटा.

चूक चौथी : वारा असेल तर डायहेड्रल वाढवणं

किनाऱ्यावर हा मोह होतोच, पण बाजूनं आलेला झोत हीसुद्धा घसरणच असते. उजवीकडून झोत आला की डायहेड्रल उजवा पंख उचलून विमानाला डावीकडे कलवतं. कोन जितका जास्त तितका हा धक्का मोठा. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचे पंख तर टोकाकडे खाली झुकवलेले होते. वाळूच्या टेकड्यांवरच्या झोतांनी पंख उचलला जाऊ नये म्हणून त्यांनी हे केलं आणि समतोल चालकाच्या हाती ठेवला. आपलं ग्लायडर मोकळं उडतं, त्यामुळे त्याला व्ही हवाच, पण आराखड्यातला तेवढाच.

कोन बदलण्याऐवजी वेळ आणि जागा बदला. सकाळचे मतलई वारे सुरूच्या बनावरून वाळूवर उतरतात, आणि झाडांच्या आडोशाला हवा घुसळलेली असते. दुपारनंतरचे खारे वारे जोरात येतात, पण समुद्रावरून अडथळ्याशिवाय येतात म्हणून जास्त एकसारखे असतात. आम्ही शेवटी बनापासून लांब, पाण्याच्या कडेला गेलो आणि नाक वाऱ्याकडे करून फेकलं.

एवढं करूनही विमान दर फेकीला एकाच बाजूला जात असेल, तर डायहेड्रलला दोष देऊ नका. मागून एक डोळा मिटून दोन्ही पंखांच्या कडा बघा. एक पंख पिळवटलेला सापडेल. त्याचा कोन कायमच वेगळा असतो, आणि वेग वाढला की वळणही वाढतं. बाल्सा लाकडाचे पंख असतील तर आपल्याकडच्या दमट हवेत हे पावसाळाभर होत राहतं. पंख सपाट फळीवर वजनाखाली ठेवा, आणि उडवायच्या दिवशी पुन्हा मागून बघा.