एक्स-रे, सोनोग्राफी की सीटी? हातातली फिल्म ओळखताना या चुका टाळा

"सीटीचे पैसे घेतले आणि एक्स-रे हातात दिला की ओ तुम्ही!" मे महिन्यातल्या एका दुपारी काउंटरवर हे वाक्य कानावर आलं. मी सोलापुरातल्या एका तपासणी केंद्रात एक्स-रे आणि सीटीचं काम करते. समोर विडी घरकुल भागातले एक मामा होते, यंत्रमागावर काम करणारे. डाव्या बरगडीखालून जांघेकडे जाणारी कळ त्यांना आठवडाभर होती. बोलत होता त्यांचा भाचा. त्यानं सीटीच्या फिल्मचा फोटो मोबाइलवर पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला होता आणि उत्तर आलं होतं, "हा एक्स-रेसारखा दिसतोय, यात खडा दिसत नाही, सीटी पाठवा."

भाचा खोटं बोलत नव्हता आणि डॉक्टरही चुकले नव्हते. फोटो चुकीच्या चौकटीचा होता.

सीटीच्या मोठ्या फिल्मवर पंधरा-वीस छोटी चित्रं छापलेली असतात. त्यातलं पहिलं चित्र बहुतेक वेळा हुबेहूब एक्स-रेसारखं असतं. आम्ही त्याला स्काउट किंवा टोपोग्राम म्हणतो. मशीनची नळी गोल न फिरवता फक्त टेबल पुढे सरकवून ते घेतात, म्हणजे कुठून कुठपर्यंत काप घ्यायचे ते ठरवता येतं. बरेचदा त्यावर आडव्या रेषा मारलेल्या असतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक काप. तो नकाशा आहे, तपासणी नव्हे. भाच्यानं नेमका तोच मोठा करून फोटो काढला होता, कारण एकूण फिल्ममध्ये ओळखीचं वाटणारं चित्र तेवढंच होतं. तेव्हा सीटी पाठवायचा तर आधी पूर्ण फिल्मचा फोटो पाठवा, मग आतल्या कापांचे जवळून.

मामांच्या पिशवीत तिन्ही तपासण्या होत्या आणि घरात भांडण वेगळ्याच गोष्टीवरून पेटलं होतं. एक्स-रेत खडा नाही, सोनोग्राफीत फक्त किडनीला सूज, सीटीत ७ मिलिमीटरचा खडा. मग खोटं कोण? मी तिन्ही फिल्म लाइटबॉक्सवर शेजारी शेजारी लावल्या. त्या ओळखण्याची पद्धत आणि भांडणाचं उत्तर, दोन्ही एकाच ठिकाणी होतं.

पांढरं म्हणजे खडा, हा पहिला गैरसमज

एक्स-रे म्हणजे सावली. किरण शरीराच्या एका बाजूनं शिरतात, दुसऱ्या बाजूला निघतात, आणि वाटेतलं सगळं एकाच कागदावर एकमेकांवर पडतं. म्हणून एक्स-रे ओळखायचा तो या गर्दीवरून. पूर्ण बरगड्या दिसतात, मणक्यांची अख्खी माळ दिसते, आणि मणक्यावरच आतड्यातल्या वायूचे काळे बुडबुडे चढलेले दिसतात. जे किरणांना अडवतं ते पांढरं. धातू सर्वात पांढरा, मग हाड, मांस करडं, चरबी त्याहून गडद, हवा काळी. कोपऱ्यात L किंवा R असं अक्षर असतं.

मामांच्या एक्स-रेत ओटीपोटाच्या डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा एक गोल पांढरा ठिपका होता. भाचा त्यावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हा बघा की खडा, आणि रिपोर्टमध्ये नाही म्हणतात." मी भिंग दिलं. ठिपक्याच्या मध्यभागी बारीक फिकट भोक दिसत होतं. ओटीपोटातल्या शिरांमध्ये जुनी गुठळी घट्ट होऊन त्यात कॅल्शियम बसतं, तेव्हा असा ठिपका दिसतो. तो निरुपद्रवी असतो. पुढे सीटीत तो मूत्रवाहिनीच्या बाहेर, शिरेत असल्याचं स्पष्ट झालं.

खरा खडा मात्र एक्स-रेत नव्हताच. बहुतेक मुतखड्यांत कॅल्शियम असतं आणि ते एक्स-रेत उमटतात. युरिक अॅसिडचा खडा किरणांना जवळजवळ मांसाइतकाच अडवतो, म्हणून तो सावलीत विरघळून जातो. स्वच्छ एक्स-रे बघून "खडा नाही" म्हणणं ही म्हणूनच घाईची गोष्ट आहे.

सोनोग्राफीतला काळा रंग

सोनोग्राफी लांबूनच ओळखू येते. पोटाची असेल तर चित्र पंख्याच्या आकाराचं, वर अरुंद वक्र आणि खाली रुंद होत गेलेलं. थायरॉइडची किंवा शिरांची असेल तर चौकोनी. आजूबाजूला काळी जागा, कडेला सेंटिमीटरच्या खुणा, आणि मोजमाप घेतल्याच्या दोन फुल्यांमध्ये ठिपक्यांची रेघ. चित्राचा पोत वाळूसारखा दाणेदार असतो. शरीराचा एक तुकडाच दिसतो, पूर्ण कंबर किंवा पूर्ण छाती कधीच नाही.

इथे लोक सर्वात जास्त फसतात ते एक्स-रेची रंगांची भाषा सोनोग्राफीला लावून. एक्स-रेत काळं म्हणजे हवा. सोनोग्राफीत काळं म्हणजे पाणी. इथे किरण नसतात. आवाजाची लाट आत जाते आणि पडदा लागला की परत येते. पातळ द्रवात परतवणारं काही नसतं, म्हणून तिथे काळोख. लघवीची भरलेली पिशवी म्हणूनच शाईसारखी काळी दिसते. मामांच्या डाव्या किडनीच्या मध्यभागी, जिथे चरबीमुळे पांढरा पट्टा दिसायला हवा, तिथे तो पट्टा फाकवून काळी जागा शिरली होती. मामींनी ते पाहून "किडनी जळाली का हो?" असं विचारलं होतं. जळाली नव्हती. खाली वाट अडल्यामुळे लघवी तिथे तुंबली होती, आणि रिपोर्टमधली 'सूज' म्हणजे तेवढंच.

हवेचं उलट. हवा लागली की लाट जवळजवळ पूर्ण परत फिरते, पुढचं काही दिसत नाही. त्वचेवर जेल लावतात ते मधली हवा घालवण्यासाठीच. मामांचा खडा मूत्रवाहिनीच्या मधल्या भागात होता आणि त्याच्यापुढे वायूनं भरलेलं आतडं. त्यामुळे तुंबलेलं दिसलं, तुंबवणारा दिसला नाही. खडा किडनीतच असता तर एक चमकदार पांढरी कमान आणि तिच्यामागे सरळ काळी सावली दिसली असती, टॉर्चपुढे बोट धरल्यावर भिंतीवर पडते तशी.

रंगीत डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोनोग्राफी. तिच्याबद्दल एवढंच सांगते की लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं नसतं. सर्वसाधारण मांडणीत रक्त प्रोबकडे, म्हणजे त्वचेवर फिरवतात त्या यंत्राकडे, येतंय तर लाल, दूर जातंय तर निळं.

आणखी एक, आपल्या उन्हाळ्यापुरतं. सोनोग्राफीचे गुळगुळीत फोटो बरेचदा थर्मल कागदावर असतात. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरात खिडकीजवळ राहिले तर काळवंडतात, आणि मग पाणी कुठलं आणि डाग कुठला हे कळत नाही. मिळाल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

काप बघताना

सीटीत शरीर भाकरीच्या चवडीसारखं समजा आणि एकेक भाकरी उचलून बघा. चित्र लंबगोल, पोटाची चामडी वर, मणका खाली, आणि त्याखाली टेबलाची वाकडी रेघ. मणक्याचा काप पांढरा, मध्ये मज्जारज्जूची गोल खिडकी. इथे काहीच एकमेकांवर पडत नाही, किडनी वेगळी, आतडं वेगळं, मधली चरबी गडद. सावलीत हरवलेला खडा इथे सापडतो तो याच कारणानं. सीटी प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यात मोजते. पाणी 0, हवा उणे १०००, मांस साधारण ५०. मामांच्या खड्याचा आकडा ४०० च्या आसपास होता. हाडाच्या टणक कवचापुढे कमीच, पण भोवतीच्या मांसाच्या कितीतरी वर, म्हणून तो पांढरा उठून दिसला.

बाजू ओळखताना मात्र सांभाळा. सीटीचा आडवा काप पायाकडून डोक्याकडे पाहिल्यासारखा छापतात. रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. यकृत आपल्या डावीकडे दिसलं की पटतं. भाच्याला खडा चित्राच्या उजव्या बाजूला दिसला आणि तो म्हणाला, "दुखतंय डावीकडं, खडा उजवीकडं कसा?" खडा डावीकडेच होता.

सीटीवरही एक फसवं चित्र असतं. त्याच माहितीतून संगणक उभा काप करतो, समोरून पाहिल्यासारखा, आणि तो पुन्हा एक्स-रे वाटतो. फरक मणक्यात बघा. एक्स-रेत मणक्यांची पूर्ण माळ दिसते. उभ्या कापात कंबरेच्या बाकामुळे काही मणके येतात, काही निसटतात, आणि किडन्या मात्र कापलेल्या फळासारख्या स्वच्छ दिसतात. खडा दाखवायला खरं तर हाच काप सर्वात सोपा.

एमआरआयही कापच देतो, म्हणून सीटी आणि एमआरआयमध्ये गोंधळ होतो. हाडाचं बाहेरचं टणक कवच बघा. सीटीत ते सर्वात पांढरं, एमआरआयमध्ये काळी किनार. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत kV आणि mA असेल तर सीटी, TR आणि TE असेल तर एमआरआय.

तरीही शंका राहिली तर लघवीची पिशवी शोधा. साध्या एक्स-रेत ती जेमतेम करडी सावली असते, सोनोग्राफीत काळी कुळकुळीत, साध्या सीटीत एकसारखी करडी. औषध टोचून केलेल्या तपासणीत हे बदलतं. औषध पिशवीत उतरलं की एक्स-रेतही आणि सीटीतही ती पांढरी दिसते, म्हणून आधी फिल्मवर औषधाची नोंद आहे का ते वाचा.

सीडी मिळाली असेल तर ओळखायची गरजच नाही. संगणकावर उघडल्यावर यादीत Modality असा रकाना दिसतो. तिथे CR किंवा DX म्हणजे एक्स-रे, US म्हणजे सोनोग्राफी, CT म्हणजे सीटी, MR म्हणजे एमआरआय.

मामांच्या भाच्याला मी पूर्ण फिल्मचा एक फोटो, खड्यावर बाण असलेल्या उभ्या कापाचा एक आणि रिपोर्टचा एक, असे तीन काढायला लावले. फिल्म खिडकीच्या काचेला न लावता लाइटबॉक्सवर ठेवून, फ्लॅश बंद करून. अर्ध्या तासात पुण्याहून उत्तर आलं, "आता दिसला. लघवीची आणि रक्तातल्या युरिक अॅसिडची तपासणी करून घ्या, मग बोलू." मामांनी फिल्म पिशवीत घालण्याआधी माझ्याकडून मार्कर मागून घेतला आणि तिन्ही पाकिटांवर मोठ्या अक्षरात लिहिलं: एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी.