कॅप्स लॉक, त आणि ट: आठवणी टाइप करायला बसणाऱ्यांसाठी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, बहुतेक पहिली-दुसरीला. निवृत्तीनंतर आठवणी लिहायला घेतल्या, आणि वहीत नको, लेकीला पाठवता येतील म्हणून लॅपटॉपवर. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटणारा कीबोर्ड घेतला, तो कसा चालतो ते तुम्हाला माहीत असेलच, छोटा t म्हणजे त, मोठा T म्हणजे ट, तसंच d आणि D, n आणि N, l आणि L. आ, ई, ऊ पण मोठ्या अक्षराने.

आता माझी सवय सांगते. माझ्या डाव्या करंगळीचं पेर दुखतं, शिफ्ट धरून दुसरी की दाबणं जमत नाही. म्हणून मोठं अक्षर आलं की कॅप्स लॉक दाबायचा, अक्षर मारायचं, परत कॅप्स लॉक. marAThI लिहायला चार वेळा! आणि चारातला एक जरी राहिला की पुढचं सगळं उलटं होतं, छोटं ते मोठं आणि मोठं ते छोटं. 'तिला दिली'चं 'टीळ डीळि', 'नाना'चं 'णण'. मी कीबोर्डकडे बघून टाइप करते, त्यामुळे मान वर करीपर्यंत अर्धं पान गेलेलं असायचं.

आणि इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून नीट सांगते, कृपया घाई करू नका. शेजारच्या मुलाने सांगितलं, काकू, Replace All करा, ट शोधा आणि त घाला, एका सेकंदात होईल. झालंही. पण ट काही सगळीकडे चुकीचा नव्हता ना! 'पाटी'ची 'पाती' झाली, 'वाट' होती तिची 'वात'. मग ळ चा ल केला तर 'शाळा'ची 'शाला' आणि 'फळा'चा 'फला', आणि माझ्या आठवणींत या दोन शब्दांशिवाय आहे काय? मी फाइल सेव्ह करून बंद केली होती, त्यामुळे Ctrl+Z चालेना. कारण समजून घ्या. एकदा देवनागरी उमटलं की कोणता ट मुद्दाम मारलाय आणि कोणता कॅप्समुळे आलाय याची खूण फाइलमध्ये कुठेच राहत नाही. इंग्रजीत नुसता आकार बदलतो, तो मागे आणता येतो. आपल्याकडे अक्षरच बदलतं. सव्वीस पानं मी ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केली, रडू यायचं.

त्या मुलाचं मन चांगलं आहे पण तो माऊस हातातून घेऊन स्वतःच करून टाकतो. पहिलीच्या मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन आपणच अक्षर काढलं तर ते मूल शिकत नाही, हे मी इतकी वर्षं पाहिलंय. शिकवणारा हात मागे ठेवून बसणारा शोधा.

कॅप्स लागला की आवाज येतो ती सोय (Toggle keys) आधी लावून पाहिली, उपयोग नाही. मी मुद्दामच दाबत होते, मग पानभर टूं टूं, कोणता आवाज चुकीचा ते कळणार कसं?

खरा उपाय Sticky keys. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विचारतं, किंवा Settings, Accessibility, Keyboard मध्ये सापडेल. मग शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही, एकदा टिचकी मारायची, सोडायचं, पुढचं एकच अक्षर मोठं येतं आणि शिफ्ट आपोआप सुटतं. परत दाबायला विसरायचा प्रश्नच नाही. कॅप्स लॉकच्या बरोबर खाली शिफ्ट आहे, म्हणजे बोट फक्त एक ओळ खाली न्यायचं. तरी बोट वर जायचंच, मी त्या कीवर डाळीएवढा कापूस सेलोटेपने चिकटवला, मऊ लागलं की बोट खाली. तीन आठवडे गेले, घाबरू नका, जातात. एकच सांभाळा, शिफ्ट दोनदा दाबलं तर तेही अडकून बसतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. दोनदा दाबल्यावर अडकण्याचा पर्याय तिथेच बंद करता येतो, मी केलाय.

काही जण म्हणतात इनस्क्रिप्ट शिका. चांगलंच आहे, पण ख आणि थ ला शिफ्ट तिथेही लागतं, म्हणून करंगळीचं आधी बघा.

आणि जुनी पानं बिघडलेली असतील तर मराठीत ण आणि ळ ने शब्द सुरू होत नाही, हे आपण मुलांना शिकवलेलंच आहे. म्हणून शोधात आधी एक स्पेस आणि मग ण टाका, तसंच ळ. 'णण', लाडूचं 'ळदु' असलं काही सापडलं की कॅप्स तिथे अडकला होता. तिथून मागे-पुढे वाचत जा, हाताने दुरुस्त करा, बदलू नका एकदम. कालच मला या शोधाने चौथ्या प्रकरणातली एक ओळ सापडली, पावसात गळणाऱ्या वर्गाची, ती मी दोनदा वाचूनही सुटली होती.