या चुका टाळा: कोरियन मालिकेतल्या वाक्याचा मूळ अर्थ सबटायटलमध्ये शोधताना

कोरियन मालिकांमध्ये वारंवार येणारा एक प्रसंग आठवून बघा. भांडणात हरलेला माणूस दारापर्यंत जातो, मागे वळतो, बोट रोखून चार-पाच अक्षरं बोलतो आणि निघून जातो. सबटायटलमध्ये दिसतं, ‘यू विल पे फॉर धिस’. म्हणजे याची किंमत मोजावी लागेल. आता नीट कान देऊन ऐका. त्या बोलण्यात ना किंमत आहे ना मोजणं. तो म्हणतो, 너 두고 보자, ‘नॉ दुगो बोजा’, म्हणजे शब्दशः ‘बाजूला ठेवून बघू या’.

इथे होणारी पहिली चूक म्हणजे भाषांतरकाराला भाषा येत नाही असं धरून चालणं. भाषांतरकाराच्या हातात किती जागा असते ते बघा. इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत साधारण 42 अक्षरं बसतात, ओळी जास्तीत जास्त दोन, आणि प्रेक्षक सेकंदाला 17 ते 20 अक्षरं वाचू शकतो असा हिशेब धरतात. ‘यू विल पे फॉर धिस’ इंग्रजीत मोकळ्या जागा धरून 21 अक्षरांचं होतं. ‘हे बाजूला ठेवून बघू या’ असं शब्दशः इंग्रजीत लिहिलं तर त्याहून लांब होतं. बोलायला लागतो जेमतेम एक सेकंद. सबटायटल थोडा जास्त वेळ टिकवता येतं, पण लगेच पुढचं वाक्य येऊन थडकतं. शिवाय शब्दशः वाक्य वाचून इंग्रजी प्रेक्षकाला ही धमकी आहे हे कळणारच नाही. म्हणून भाषांतरकार शब्द सोडतो आणि धमकी वाचवतो. माझ्या मते तो बरोबरच करतो. फक्त शब्द हवे असतील तर ते आपण शोधायचे.

दुसरी चूक खूप जण करतात. इंग्रजी सबटायटल सैल वाटलं की ते हिंदी लावून ताडून बघतात. दोन्हीकडे ‘किंमत’ सापडली की वाटतं, मूळ शब्द हाच असणार. पण इतर भाषांची सबटायटलं अनेकदा इंग्रजीवरूनच केलेली असतात. हा दुसरा साक्षीदार नव्हे, पहिल्याचंच ऐकून सांगणारा आहे. साक्ष हवी तर कोरियन सबटायटल लावा, शक्यतो कर्णबधिरांसाठी केलेलं, ज्याच्या नावापुढे [CC] असतं. ते बोललेल्या शब्दांच्या बरंच जवळ राहतं. एक सावधगिरी मात्र हवी. इंग्रजी [CC] लावलं तर ते कधीकधी इंग्रजी डबिंगच्या संवादांवर बेतलेलं असतं, आणि मग आपण मूळ बोलण्यापासून आणखी एक पायरी दूर जातो.

कोरियन सबटायटल नसेल तर कानावर भिस्त येते, आणि तिथे मराठी कान फसतो. वाक्य 두고पासून सुरू झालं तर पहिलं अक्षर ‘तु’सारखं ऐकू येतं: तुगो बोजा. आधी 너, म्हणजे ‘तू’, आला की तेच अक्षर ‘दु’ होतं: नॉ दुगो बोजा. शब्द एकच. कोरियनमध्ये हे व्यंजन बोलण्याच्या सुरुवातीला कठोर आणि दोन स्वरांच्या मध्ये मृदू ऐकू येतं, आणि कोरियन माणसाला त्यात फरक जाणवतही नाही. त्यामुळे ‘त’ने शोधून काही सापडलं नाही तर ‘द’ने शोधा. ‘प’ आणि ‘ब’, ‘क’ आणि ‘ग’ यांचंही तसंच आहे.

आता शब्दकोश. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश krdict.korean.go.kr इथे मोफत आहे आणि त्यात इंग्रजी अर्थही दिलेले आहेत. ऐकलेला शब्द जसाच्या तसा टाकणं ही इथली चूक. 보자 असं शोधलं तर 보자기 समोर येऊ शकतं, म्हणजे गाठोडं बांधायचं फडकं! क्रियापद कोशात -다 या शेवटासह असतं. म्हणून आधी शेपटी काढायची, उरलेल्या मुळाला 다 जोडायचं आणि मग शोधायचं.

ही फोड मराठीत इतकी सरळ बसते की मला दर वेळी आनंद होतो:

```
두 + 고   ठेव + ऊन
보 + 자   बघ + ऊ
```

ठेवून बघू. शब्दांचा क्रम तोच, प्रत्ययांची जागाही तीच. इंग्रजीतून जाताना जे मोडतं ते मराठीत जवळजवळ अख्खं उतरतं. म्हणून कोरियन वाक्याची फोड करताना इंग्रजी मध्ये आणूच नका, प्रत्ययासमोर प्रत्यय लिहा.

पण इथेच थांबलात तर पुढची चूक होईल. 두다 या नोंदीत ढीगभर अर्थ आहेत: ठेवणे, मागे सोडणे, अगदी बुद्धिबळासारख्या खेळात डाव खेळणेही. त्यातला सोयीचा अर्थ उचलू नका. आधी नोंदीतला वाक्प्रचारांचा भाग बघा. तिथे 두고 보다 जोडीनंच मिळतं: एखादी गोष्ट कशी वळण घेते ते काही काळ बघत राहणं. म्हणजे मुळात धमकी नाहीच, वाट बघणं आहे. ‘आत्ता सोडतो, पुढे बघू’ यातून धमकी तयार होते. आपल्याकडेही ‘बघून घेईन तुला’ म्हणतात, त्यात तरी मारण्याचा शब्द कुठे असतो?

म्हणूनच एका जागी पक्का केलेला अर्थ दुसरीकडे चिकटवू नये. डॉक्टर किंवा वकील 좀 더 두고 보자 म्हणाला, तर 좀 더 म्हणजे ‘आणखी थोडं’. इथे धमकी नाही, ‘अजून थोडं थांबून बघू’ एवढंच. आणि एखादी मुलगी रडत रडत 두고 봐, 꼭 성공할 거야 म्हणाली तर ती पैज आहे: ‘बघच तू, मी यशस्वी होऊनच दाखवीन’. मूळ क्रियापदं तीच, सबटायटलं तीन. ओळखायचं कसं? 너 लावून कुणाला तरी उद्देशून, बाकी काही न जोडता म्हटलं तर बहुधा धमकी. पुढे भविष्यकाळातलं वाक्य आलं तर बहुधा पैज. ‘थोडं’, ‘आधी’ असे शब्द जोडून शांतपणे म्हटलं तर नुसतं थांबणं.

याउलट दुसरं टोकही गाठू नका. 배고파 죽겠다 याचा शब्दशः अर्थ ‘भुकेनं मरेन’ असा होतो, पण बोलणाऱ्याच्या मनात मरण नसतं. आपणही ‘भुकेनं मरतोय’ म्हणतोच. तिथे ‘खूप भूक लागलीय’ हे सबटायटल पुरेसं आहे, त्यात दडलेला गूढ अर्थ शोधू नये.

मग कुठल्या वाक्यामागे मेहनत घ्यायची? मी उत्तराकडे बघते. समोरच्याचं उत्तर सबटायटलशी जुळत नसेल तर मुळात शब्दावर खेळ झालेला असतो. दाराशी दिलेल्या त्या धमकीवर समोरचा हसून म्हणतो की 두고 보자 म्हणणाऱ्यांपैकी भीती वाटावी असा कुणी नसतो. कोरियनमध्ये हे मुरलेलं बोलणं आहे. सबटायटलमध्ये ते नुसतं ‘मी तुला घाबरत नाही’ होतं आणि तो हसला का, हे कळत नाही. मुळात त्यानं समोरच्याचेच शब्द उचलून परत केलेले असतात: ‘बघून घेईन म्हणणारे पुष्कळ बघितले.’