छायाचित्राची परवानगी मागताना

दिवाळी अंकात दैनिकातला जुना फोटो छापायचा असेल, तर आधी मालक कोण ते पाहा. छायाचित्रकार दैनिकाच्या नोकरीत असताना काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा दैनिकाकडे असतो. फ्रीलान्सर असेल तर हक्क कोणाकडे आहे ते आधी त्याला विचारा.

‘तुमचा फोटो वापरू का?’ एवढं मोघम विचारू नका. मेलमध्ये फोटोची प्रत जोडा आणि वापर नेमका सांगा: ‘१२ जुलैच्या अंकातील पान ३ वरचा वारीचा फोटो आमच्या दिवाळी अंकात आतल्या पानावर, अर्ध्या पानाएवढा, एकदाच छापायचा आहे. छापील प्रती ५००, किंमत १५० रुपये. पीडीएफ आवृत्ती वर्षभर वेबसाइटवर राहील. श्रेय: छायाचित्र: (नाव) / (दैनिक), परवानगीने. मानधन कळवावे.’

पीडीएफचा उल्लेख हमखास राहून जातो. मुदत आणि प्रदेशही लिहूनच घ्या. न लिहिल्यास कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो, आणि वेबसाइट तर परदेशातही उघडते. फोटो कापणार असाल तर तेही विचारा. फोनवरचा ‘हो, वापरा’ पुरत नाही, परवानगी लेखीच हवी. उत्तरच आलं नाही, तर तो नकार समजून दुसरा फोटो शोधा. नुसतं श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही.