मिनीबारची बाटली उलटी करून बघा

हॉटेलच्या खोलीतल्या मिनीबारच्या बिलावरून होणारी बरीचशी भांडणं खरं तर आधीच्या पाहुण्याची असतात. तो वोडकाची मिनिएचर पितो, तिच्यात नळाचं पाणी भरतो, झाकण घट्ट लावून परत ठेवतो. रूमबॉय लांबूनच मोजतो, बाटल्या बरोबर भरतात. दोन दिवसांनी नव्या पाहुण्याला सील तुटलेली बाटली मिळते आणि बिल त्याच्या नावावर पडतं. तो चिडणारच.

म्हणून नुसतं मोजू नका. प्रत्येक बाटली हातात घ्या, झाकणाखालची कडी अखंड आहे का ते बोटाने चाचपा, मग बाटली उलटी धरा. थेंब आला तर सील गेलंय. कॅन तळाशी दाबून बघा, चॉकलेटच्या डब्याची खालची बाजूही पाहा. काही महाभाग तिथूनच उघडतात.

ही तपासणी चेकआउटनंतर तर कराच, पण खोली नव्या पाहुण्याला देण्याआधी सुपरवायझरनेही करावी आणि स्लिपवर वेळ टाकून सही करावी. समजा, ३०४ मध्ये साडेअकराला सगळं अखंड होतं, पाहुणा दोनला आला आणि संध्याकाळी बिअर कमी निघाली, तर फ्रंट ऑफिसला ती स्लिप दाखवता येते. स्लिप नसेल तर रक्कम मुकाट्याने माफ करा, वाद घालू नका.

माफ केलेली प्रत्येक नोंद मात्र खोली आणि मिनीबार भरणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा. महिनाअखेरीस स्टोअरमधून निघालेला माल, बिलं, माफी, मुदत संपून परत आलेला माल आणि खोल्यांतला महिन्याच्या सुरुवातीचा व शेवटचा साठा जुळवताना तूट एकाच मजल्यावर, एकाच पाळीत साचलेली दिसली, तर ती पाहुण्यांची नसते.